झोपेसाठी घेतलेली दारू रात्री दोन-तीनला का उठवते

झोप येत नाही म्हणून अंथरुणावर पडण्याआधी थोडी दारू घेणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांतले बरेचसे एरवी ‘पिणारे’ म्हणावेत असेही नसतात. डोक्यातली चक्रं थांबत नाहीत, कूस बदलत तास-दीड तास जातो, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं, एक पेग घे, पटकन डोळा लागेल. लागतोही. इथपर्यंत त्या सल्ल्यात खोटं काही नाही. दारूने झोप लवकर लागते हे प्रयोगशाळेत मोजून पाहिलेलं आहे. अडचण पुढची आहे. तीच माणसं रात्री दोन-तीनच्या सुमाराला जागी होतात. तोंड कोरडं पडलेलं असतं, अंगाला घाम असतो, छातीत किंचित धडधडत असतं. मग उजाडेपर्यंत झोप लागते ती वरवरची, आणि मध्येमध्ये पुन्हा मोडते. विचारलं तर सांगतात, “माझी झोपच मुळात कमी. दारूमुळे निदान पहिले तीन तास तरी मिळतात.”

हा हिशेब उलटा आहे. ते तीन तास मिळवण्याच्या नादात पुढचे चार तास खराब होतात. हे कसं घडतं ते सावकाश समजून घेण्यासारखं आहे, कारण ते कळलं की मधली जाग दारूमुळे येते की दुसऱ्या कशामुळे, हे आपलं आपल्यालाच बऱ्यापैकी ताडता येतं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांमार्फत निरोप देत असतात. काही रसायनं पुढच्या पेशीला शांत करतात, काही चेतवतात. शांत करणाऱ्यांत मुख्य आहे गाबा आणि चेतवणाऱ्यांत मुख्य आहे ग्लुटामेट. दारू गाबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबून टाकते. दोन्ही बाजूंनी मेंदू शांततेकडे झुकतो. यात तिसऱ्या एका रसायनाची भर पडते, ते म्हणजे अ‍ॅडेनोसिन. आपण जागे असतो तेव्हा ते मेंदूत हळूहळू साठत जातं, आणि ते जितकं साठेल तितकी झोप अनावर होते. कॉफीने झोप उडते ती याच अ‍ॅडेनोसिनची वाट अडवल्यामुळे. दारू नेमकं याच्या उलट करते, मेंदूतलं अ‍ॅडेनोसिन वाढवते. म्हणून जी झोप एरवी बारा-साडेबाराला आली असती ती अकरालाच येते, आणि आल्यावर माणूस गाढ झोपल्यासारखा दिसतो.

त्या गाढपणातही तथ्य आहे. डोक्याला तारा लावून झोपेची नोंद घेतली तर रात्रीच्या पहिल्या भागात मोठ्या, संथ लहरी नेहमीपेक्षा जास्त दिसतात. या लहरी म्हणजे गाढ झोपेची खूण. हालचाल कमी होते, हाक मारली तर पटकन उठत नाही. मात्र तरुणांवर झालेल्या अभ्यासांत एक विचित्र गोष्टही दिसली आहे. दारूनंतरच्या झोपेत या संथ लहरींच्या जोडीनेच, डोक्याच्या पुढच्या भागात, अल्फा नावाच्या जलद लहरीही वाढतात. डोळे मिटून पण जागेपणी निवांत पडलं की मेंदूत ज्या लहरी असतात, त्या या. म्हणजे बाहेरून गाढ दिसणाऱ्या झोपेत जागेपणाची खूण मिसळलेली असते. म्हणून “निदान पहिली झोप तरी छान लागते” या म्हणण्यावरही मी पूर्ण विश्वास ठेवणार नाही.

आता त्या दोन-तीनच्या जागेकडे येऊ. ती वेळ योगायोगाची नाही. ती हिशेबाने काढता येते, आणि इथे एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू.

समजा सत्तर किलो वजनाचा एक पुरुष रात्री दहाला बसतो आणि अर्ध्या तासात ९० मिली व्हिस्की संपवतो. व्हिस्कीत अल्कोहोल ४० टक्के धरू. म्हणजे ३६ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनाने साधारण २८ ग्रॅम. हे अल्कोहोल अंगातल्या पाण्यात पसरतं. त्याच्या वजनाचा विचार करता रक्तात दर १०० मिलीला जवळपास ६० मिलिग्रॅम इतकं ते भरेल. पोट भरलेलं असेल तर थोडं कमी, आणि सगळ्यात वरची पातळी थोडी उशिरा येईल. आता हे अल्कोहोल संपायला किती वेळ? यकृत ते जाळतं ठरावीक वेगाने. रक्तात जास्त आहे म्हणून यकृत घाई करत नाही, कारण ते तोडणारी विकरं थोड्याशा दारूनेच पूर्ण कामाला लागलेली असतात. बहुतेक माणसांत हा वेग तासाला १०० मिलीमागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, कुणात जरा कमी, कुणात जरा जास्त. गार पाण्याने अंघोळ केली, कडक कॉफी प्यायली, फेरी मारली, तरी तो वाढत नाही. साठ भागिले पंधरा, म्हणजे चार तास. दहाला सुरू झालेली दारू दोनच्या सुमाराला रक्तातून संपते.

हा माणूस अकराला झोपला. म्हणजे अकरा ते दोन तो दारूच्या अमलाखाली झोपला, आणि दोन ते सहा दारू उतरलेल्या अंगाने झोपायचा प्रयत्न करत राहिला. दोनच्या आगेमागे त्याला जाग येते ती याच सांध्यावर.

हेच प्रमाण पंचावन्न किलो वजनाच्या बाईने घेतलं तर चित्र बदलतं. वजन कमी, आणि बाईच्या अंगात वजनाच्या मानाने पाण्याचा वाटाही पुरुषापेक्षा कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातलं प्रमाण नव्वदच्या घरात जातं. ते उतरायला साडेपाच-सहा तास लागतात. तिची झोप मोडू लागते पहाटे चारच्या सुमाराला. पहाटे चारला आलेली जाग बहुतेक जण दारूच्या खाती टाकत नाहीत. इतक्या आधी घेतलेल्या घोटांचा आत्ताच्या जागेशी काय संबंध, असंच वाटतं. संबंध असतो.

पण दारू उतरली तर झोप मोडायचं कारण काय? गुंगी आणणारी वस्तू गेली, तर माणसाने आपल्या नेहमीच्या झोपेवर यायला हवं. तसं होत नाही, कारण मधल्या तीन-चार तासांत अंग गप्प बसलेलं नसतं. रस्सीखेच आठवा. एका बाजूने कुणी जोराने ओढायला लागलं की दुसरी बाजू पाय रोवून उलट ओढते. दारू मेंदूला शांततेकडे ओढते, तेव्हा मेंदू तोल सावरण्यासाठी विरुद्ध बाजूने जोर लावतो. गाबाला मिळणारा प्रतिसाद मंदावतो, चेतवणारी यंत्रणा तिखट होते, आणीबाणीत धावपळीला तयार करणारी मज्जासंस्था जागी होते. दारू रक्तात आहे तोवर दोन्ही जोर एकमेकांना पुरे पडतात. दारू संपते तेव्हा एका बाजूचा दोर एकदम सुटतो, आणि दुसरी बाजू अजून ओढतच असते. तिला थांबायला काही तास लागतात. नेमके ते तास म्हणजे रात्रीचा उत्तरार्ध.

दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्या माणसाने अचानक दारू सोडली की त्याला कापरं भरतं, घाम फुटतो, झोप उडते. एका रात्रीच्या पेगानंतरचं जे घडतं ते त्याच यंत्रणेचं फार छोटं रूप आहे. म्हणूनच त्या जागेला एक ओळखीचा चेहरा असतो. नाडी नेहमीच्या झोपेतल्यापेक्षा जलद असते. अंग आधी गार पडतं, कारण दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर जाते. नंतर दारूचा जोर ओसरला की आतलं तापमान परत चढू लागतं. रात्री पांघरूण ओढून घेतलेलं आणि पहाटे ते भिरकावलेलं, हे दृश्य इथून येतं. मन विनाकारण सावध झालेलं असतं. उद्याच्या कामाची, पैशांची, कुणाच्या बोलण्याची काळजी दुपारी वाटते त्याच्या दुप्पट वाटते. माणसाला वाटतं, आपल्याला काळजीने जाग आली. बहुतेकदा क्रम उलटा असतो. चेतलेल्या मेंदूने आधी उठवलं, आणि मग त्या अवस्थेला साजेसा विचार त्याने शोधला.

रात्रीचे हे दोन चेहरे संशोधकांना फार आधीपासून माहीत आहेत. शिकागो विद्यापीठात नाथानिएल क्लाइटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ साली झोपेतली हालचाल आणि अंगाचं तापमान मोजलं. दारू घेतलेल्या रात्री पहिल्या भागात माणसं कमी हलली आणि त्यांचं तापमान उतरलं. दुसऱ्या भागात हे चित्र उलटलं. झोपेच्या वेगवेगळ्या अवस्थाही तेव्हा नीट माहीत नव्हत्या. २०१३ साली निरोगी माणसांवरचे तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हाही निष्कर्ष तोच आला. दारू थोडी असो वा जास्त, झोप लवकर लागते, पहिला भाग सलग जातो आणि दुसरा भाग तुटतो.

उत्तरार्धाचं नुकसान जास्त का बोचतं, हे समजण्यासाठी रात्रीची रचना ठाऊक हवी. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी पुढे सरकते. प्रत्येक फेरीत गाढ झोपही असते आणि स्वप्नांची झोपही, पण वाटे सारखे नसतात. पहिल्या दोन फेऱ्यांत गाढ झोपेचा भरणा असतो, आणि शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत स्वप्नांच्या झोपेचा. या स्वप्नांच्या झोपेला आरईएम झोप म्हणतात. तीत मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, मेंदू जवळपास जागेपणाइतका कामात असतो आणि हातापायांचे स्नायू मात्र सैल सोडलेले असतात. नव्या आठवणी मुरवणं आणि मनातल्या भावनांचा निचरा यांच्याशी तिचा संबंध आहे.

दारू या झोपेवर दोनदा घाव घालते. रक्तात असताना ती आरईएम झोप पुढे ढकलते. एरवी दीडेक तासाने येणारी पहिली स्वप्नझोप उशिरा येते, आणि दारू बेताची किंवा जास्त असेल तर पहिल्या भागात ती घटतेही. दारू ही झोप कमी करते हे १९६३ सालीच दाखवलं गेलं होतं. मग दारू उतरते तेव्हा दाबून ठेवलेली स्वप्नझोप उसळी मारायला बघते. ती नेमकी तिची हक्काची वेळ, पण त्याच वेळी चेतवणाऱ्या यंत्रणेचा दोर ओढलेला असतो. परिणाम असा की स्वप्नं येतात ती भडक, गर्दीची, कधी भीतिदायक, आणि पूर्ण होण्याआधीच तुटतात. स्वप्नातून जाग आली की ते स्वप्न आठवणीत राहतं, म्हणून अशा रात्रीनंतर माणूस म्हणतो, रात्रभर स्वप्नंच पडत होती. खरं तर रात्रभराची बेरीज केली तर स्वप्नझोप बरेचदा कमीच भरते. वाढलेलं असतं ते मध्येच जागं होणं.

आणि ही सगळी जाग माणसाला आठवतेच असं नाही. झोपेच्या नोंदीत तीन सेकंदांपासून दहा-पंधरा सेकंदांपर्यंतची छोटी छोटी जाग दिसते. लहरी बदलतात, नाडी उडी मारते, माणूस कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याच्या मनात याची नोंद नसते, कारण आठवण राहण्यासाठी जाग निदान काही मिनिटं तरी टिकावी लागते. म्हणून “मी तर सलग सात तास झोपलो” असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, तरीही सकाळी तो शिणलेला असतो. झोपेचे तास मोजले आणि तुकडे मोजले नाहीत, तर हा शीण कुठून आला हे कळतच नाही.

तुकडे करणाऱ्या आणखी दोन गोष्टी थोडक्यात. दारू मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगणारा संप्रेरक दाबते, त्यामुळे लघवी जास्त होते आणि रात्री उठावं लागतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. दारूने घशाचे आणि जिभेचे स्नायू आणखी सैल पडतात, श्वासाची वाट अरुंद होते, आणि न घोरणारा माणूसही घोरायला लागतो. ज्याला झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे, त्याचा श्वास दारूनंतर जास्त वेळा आणि जास्त वेळ अडकतो. हे घशाचं प्रकरण पहिल्या भागातच, दारू रक्तात असतानाच, सर्वांत वाईट असतं. शेजारी झोपणाऱ्याला घोरणं मध्येच थांबून मग धापेसारखा श्वास ऐकू येत असेल, तर तो ऐकणारा माणूस या प्रकरणातला सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे. त्याचं म्हणणं डॉक्टरांपर्यंत पोचलं पाहिजे.

“मग लवकर घेतली तर?” हा प्रश्न साहजिक आहे, आणि उत्तर अर्धं होकारार्थी आहे. वेळ आधी सरकवली की रक्तातली दारू झोपेआधीच संपते आणि पहिल्या भागातला गोंधळ पुष्कळ कमी होतो. पण १९९६ साली मध्यमवयीन आणि त्यापुढच्या वयाच्या पुरुषांवर झालेला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. त्यांना झोपण्याच्या सहा तास आधी, म्हणजे संध्याकाळीच, दारू दिली होती. प्रमाण वजनाच्या दर किलोला ०.५५ ग्रॅम, सत्तर किलोच्या माणसाला ते ३८-३९ ग्रॅम होतं. ते झोपायला गेले तेव्हा रक्तात दारू उरली नव्हती. तरीही रात्रीच्या उत्तरार्धात ते नेहमीपेक्षा जास्त वेळ जागे राहिले. ओढणारा दोर दारूनंतरही किती वेळ ताणलेला राहतो, याचा हा पुरावा आहे. तीन-चार तासांचं अंतर ठेवा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो वाईट नाही, पण त्याने सगळं निस्तरतं असं समजू नये.

यापेक्षाही मोठा फास पुढे आहे, आणि तो रोज घेणाऱ्यांना बसतो. झोप लवकर लावण्याचा जो गुण आहे, तो रोजच्या वापराने आठवड्याभराच्या आतच ओसरू लागतो. मेंदू दारूची अपेक्षा धरून आधीच उलट जोर लावायला शिकतो. पहिल्या रात्री एका पेगात डोळा लागला, सातव्या रात्री तेवढ्यात लागत नाही. माणूस प्रमाण वाढवतो. प्रमाण वाढलं की उतरायला वेळ जास्त लागतो, उलट जोरही वाढतो, उत्तरार्ध आणखी तुटतो. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे मिटतात, म्हणून चार-पाचला कडक कॉफी होते. कॉफी रात्री झोप येऊ देत नाही, आणि त्यावर उपाय म्हणून पुन्हा ग्लास भरला जातो. एखाद्या रात्री घेतली नाही तर झोप अजिबात लागत नाही, आणि माणसाची खात्री पटते की आपल्याला दारूशिवाय झोप येतच नाही. त्याला दिसतं ते खरं असतं. फक्त ती त्याच्या मूळच्या झोपेची अवस्था नसते. सवयीने आधीच ताणलेल्या दोराची दुसरी बाजू त्या रात्री रिकामी राहिलेली असते.

आता ताडायचं कसं, ते. मध्यरात्री जाग येण्याची कारणं अनेक आहेत. प्रोस्टेटची वाढ, रजोनिवृत्तीतला उकाडा, श्वास अडकणं, आम्लपित्त, आणि नैराश्यही, ज्यात पहाटे फार लवकर जाग येते. दारूच्या जागेची खासियत ही की ती दारूच्या घड्याळाने चालते. इतर कारणांना तुम्ही किती वाजता किती घेतली याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. म्हणून दोन-तीन आठवडे एका वहीत तीनच गोष्टी लिहा: शेवटचा घोट किती वाजता आणि एकूण किती मिली, अंदाजे किती वाजता जाग आली, आणि सकाळी उठल्यावर कसं वाटलं. रात्री घड्याळात डोकावत बसू नका, त्याने झोप आणखी उडते. सकाळी आठवेल तेवढं पुरे. मग बघा. ज्या रात्री कमी घेतली त्या रात्री जाग लवकर आली का, जास्त घेतली तेव्हा ती पहाटेकडे सरकली का, आणि न घेतलेल्या रात्री ती विरळ झाली का. जागेची वेळ दारूच्या वेळेबरोबर आणि प्रमाणाबरोबर सरकत असेल, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. घेतली काय, न घेतली काय, जाग त्याच वेळी येत असेल, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. मनगटावरचं घड्याळ नाडी मोजत असेल तर तेही उपयोगी पडतं. त्याने दाखवलेल्या झोपेच्या अवस्थांवर फार विसंबू नका, पण घेतलेल्या रात्रीची आणि न घेतलेल्या रात्रीची सरासरी नाडी शेजारीशेजारी ठेवून बघा. फरक बहुधा नुसत्या नजरेला दिसेल.

न घेतलेल्या रात्रींचा निवाडा मात्र घाईने करू नका. रोजची सवय असेल तर सुरुवातीच्या काही रात्री झोप उशिरा लागेल, स्वप्नं भडक पडतील. त्यावरून “बघा, दारूशिवाय झोप नाहीच” असा निष्कर्ष काढला तर सगळं फुकट. निदान दोन आठवडे जाऊ द्यावेत.

इथे एक गंभीर अपवाद आहे. जो माणूस अनेक महिने रोज भरपूर पितो आहे, सकाळी ज्याचे हात थरथरतात किंवा घेतली नाही की घाम फुटतो, त्याने हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये. अचानक थांबवल्याने फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. त्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने उतरवावी लागते. अशा माणसांची झोप दारू सुटल्यावरही कित्येक महिने विस्कटलेली राहू शकते, आणि ती खराब झोप पुन्हा पिण्याकडे ओढते. म्हणून त्यांच्या उपचारात झोपेचाही विचार आधीपासूनच व्हायला हवा. दारूच्या जोडीला झोपेची गोळी घेणं तर कुणीच करू नये. दोन्ही मेंदूला एकाच दिशेने ढकलतात आणि श्वास मंदावू शकतो. डॉक्टरांकडे गोळी मागताना आपण रात्री किती घेतो हे संकोच न करता सांगावं, कारण त्या एका उत्तरावर कोणतं औषध द्यायचं आणि द्यायचं की नाही, हे ठरतं.

राहता राहिला मूळ प्रश्न: झोप येत नाही, त्याचं काय. जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली ज्याची शिफारस केली, तो गोळी नसून वर्तनाचा उपचार आहे. त्यात सकाळी उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवतात. अंथरूण फक्त झोपेसाठी वापरतात. वीसेक मिनिटं पडून झोप आली नाही असं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसतात आणि डोळे जड झाल्यावरच परत येतात. अंथरुणातले तासही सुरुवातीला कमी करतात. कुणी आठ तास पडून साडेपाच तासच झोपत असेल, तर त्याला पहिल्यांदा साडेपाच-सहा तासच झोपायची मुभा देतात, म्हणजे एकला झोपून सातला उठायचं. यामुळे दिवसभरात पुरेसं अ‍ॅडेनोसिन साठतं आणि झोप बाहेरच्या कशाच्या मदतीशिवाय आणि सलग लागते. झोप भरीव होऊ लागली की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवत नेतात. पहिले एक-दोन आठवडे दिवसा पेंग येते आणि चिडचिड होते, त्यामुळे त्या काळात गाडी लांबवर चालवू नये. ज्यांना फिटचा किंवा मनाचा काही गंभीर आजार आहे, त्यांनी अंथरुणातले तास कमी करण्याचा भाग डॉक्टरांना विचारूनच करावा.